मिरवणुकीच्या फोटोवरून गर्दीचा अंदाज: छोट्या तुकड्यांत डोकी मोजण्याची पद्धत

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीबद्दल 'लाखोंची गर्दी' हा शब्दप्रयोग ठरलेला असतो. हा आकडा बहुतेक वेळा कुणीही मोजलेला नसतो. वास्तविक चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून काढलेला एक चांगला फोटो, रस्त्याची नीट घेतलेली मापं आणि दोन तास एवढ्यावर त्या फोटोतल्या माणसांचा बऱ्यापैकी विश्वासार्ह अंदाज काढता येतो. इथे लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीच्या एका टप्प्याचं उदाहरण घेऊन ही पद्धत मांडली आहे. उदाहरणातले आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत, ते कुठल्या एका वर्षाची मोजणी नाहीत.

मूळ कल्पना जुनी आणि सोपी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत बर्कले इथे पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांच्या कचेरीच्या खिडकीतून विद्यार्थ्यांच्या सभांचं मैदान दिसायचं. मैदानाच्या फरशीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी काही चौकोनांतली माणसं मोजली, सरासरी काढली आणि भरलेल्या चौकोनांच्या संख्येने गुणलं. त्यातून निघालेली त्यांची प्रमाणं आजही वापरली जातात: सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत ४.५ चौरस फूट आणि अगदी खेटून उभ्या गर्दीत २.५ चौरस फूट. मीटरमध्ये सांगायचं तर एका चौरस मीटरला अनुक्रमे सुमारे १.१, २.४ आणि ४.३ माणसं.

मिरवणुकीला मात्र ही प्रमाणं जशीच्या तशी लावता येत नाहीत. सभेची गर्दी सगळीकडे साधारण सारखी असते. मिरवणुकीत फुटपाथवर माणसं दाटीवाटीने उभी असतात, पथक हातभर अंतर राखून वाजवत असतं, रथाभोवती चेंगराचेंगरीसारखी दाटी असते आणि दोन मंडळांच्या मधला रस्ता जवळजवळ मोकळा असतो. म्हणून घनता बाहेरून उसनी आणू नका, त्याच फोटोतून काढा, आणि प्रत्येक प्रकारच्या गर्दीसाठी वेगळी काढा.

फोटो कसा हवा

उंची हा पहिला निकष. रस्त्यावर उभं राहून काढलेल्या फोटोत पुढची दोन-तीन माणसं मागच्या शेकडो माणसांना झाकतात, त्यावरून काहीच मोजता येत नाही. उंचावरून काढलेल्या फोटोतही ठरावीक अंतरानंतर डोक्यामागे डोकं लपायला लागतं. ते अंतर किती, हे आधीच काढता येतं.

डोक्याची उभी लांबी साधारण २५ सेंटिमीटर आणि डोक्याची जमिनीपासूनची उंची सरासरी दीड मीटर धरा. कॅमेऱ्याच्या उंचीतून हा दीड मीटर वजा केला की कॅमेरा डोक्यांच्या किती वर आहे ते कळतं. चौरस मीटरला चार माणसं असतील तर पुढच्या आणि मागच्या डोक्यांत अर्धा मीटर अंतर असतं. अशा गर्दीत त्या उंचीच्या दुपटीपर्यंतच डोकी सुटी दिसतात. चौरस मीटरला एकच माणूस असेल तर चौपटीपर्यंत दिसतात.

आपल्या उदाहरणात गॅलरी चौथ्या मजल्यावर आहे. मजल्याला तीन मीटर धरून गॅलरीची फरशी १२ मीटरवर, त्यात हातातल्या कॅमेऱ्याचे दीड मीटर मिळवले की उंची १३.५ मीटर. डोक्यांच्या वर ती भरते १२ मीटर. म्हणजे दाट गर्दी २४ मीटरपर्यंत मोजता येईल, ढोल-ताशा पथकासारखी विरळ रचना ४० मीटरच्या पुढेही. फोटोत गर्दी थेट पुढच्या चौकापर्यंत दिसत असली तरी तिथली डोकी मोजू नका. तिथे जी दिसतात ती फक्त उंच माणसांची, किंवा खांद्यावर बसलेल्या मुलांची असतात.

झूम केलेल्या फोटोत गर्दी जास्त दाट वाटते, त्याचं कारणही हेच. लेन्स माणसांना जवळ आणत नाही, दूरचा भाग तिरक्या कोनातून पाहिल्यामुळे रांगा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरचे बरेचसे फोटो असेच असतात. देखणे असतात, मोजणीला निरुपयोगी. मोबाईलचा पॅनोरमाही टाळा, कारण कॅमेरा फिरत असताना चालणारी माणसं दोनदा येतात किंवा अर्धवट कापली जातात. अतिवाइड लेन्स असेल तर फोटोच्या कडेला आकार ताणले जातात, म्हणून तुकडे मधल्या भागातून घ्या.

रात्रीच्या फोटोंत आणखी एक घोळ असतो. रथाच्या रोषणाईभोवतीची माणसं उजळ दिसतात आणि फुटपाथ अंधारात बुडतो. जमलं तर उजेड असतानाचा, मानाच्या गणपतींच्या वेळचा फोटो निवडा.

जमिनीचं माप

या सगळ्या पद्धतीत सर्वांत जास्त चूक डोकी मोजताना होत नाही, क्षेत्रफळात होते. म्हणून मिरवणुकीच्या आधी किंवा नंतर, एखाद्या सकाळी रस्ता रिकामा असताना टेप घेऊन जा. रस्त्याची कडेपासून कडेपर्यंतची रुंदी, दोन्ही फुटपाथांची रुंदी, आणि फोटोत ओळखू येतील अशा खुणांमधली अंतरं लिहून घ्या: विजेचे खांब, दुकानांमधले सामायिक खांब, गल्लीचं तोंड, गटाराची झाकणं. नकाशाच्या ॲपमधलं अंतर मोजायचं साधन लांबीसाठी ठीक आहे, रुंदीसाठी नाही. नऊ मीटर रुंदीत अर्ध्या मीटरची चूक झाली की उत्तर पाच-सहा टक्क्यांनी हललं. बॅरिकेड रस्त्यात किती आत लावले आहेत हेही बघा, कारण त्या दिवशी फुटपाथ म्हणजे प्रत्यक्षात बॅरिकेडपर्यंतची जागा असते.

आता फोटोवर दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या खुणा रेषेने जोडा. रस्त्याचे आडवे पट्टे तयार होतात, आणि प्रत्येक पट्ट्याची खरी लांबी-रुंदी तुमच्याकडे लिहिलेली असते. दूरचा पट्टा फोटोत बारीक दिसला तरी बिघडत नाही, क्षेत्रफळ टेपने मोजलेलं आहे.

पट्टा आणखी विभागायचा असेल तर फोटोवर पट्टी ठेवून मध्य काढू नका. पट्ट्याचे दोन्ही कर्ण आखा. ते जिथे छेदतात तो जमिनीवरचा खरा मध्यबिंदू. तो फोटोतल्या मध्यापेक्षा वर, म्हणजे दूरच्या कडेकडे सरकलेला दिसेल, आणि तेच बरोबर आहे. याच रीतीने अर्ध्याचे अर्धे करत गेलं की दोन-तीन मीटरचे चौकोन आखता येतात. संगणकावर करायचं असेल तर QGIS या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या Georeferencer मध्ये Projective हा पर्याय निवडून किमान चार खुणांचे मोजलेले बिंदू द्या. फोटो वरून पाहिल्यासारखा सपाट होतो आणि चौकोन सरळ आखता येतात.

विभाग पाडा, मग तुकडे निवडा

फोटोची एक मोठी प्रिंट काढा आणि गर्दीच्या प्रकारानुसार पेन्सिलीने हद्दी आखा. आपल्या ४० मीटरच्या टप्प्यात, ९ मीटर रस्ता आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर फुटपाथ धरून, असे विभाग निघाले असं समजा. फुटपाथवरचे प्रेक्षक १६० चौरस मीटरवर. दोरीच्या आतलं पथक १८ मीटर लांबीत, म्हणजे १६२ चौरस मीटरवर. रथ आणि त्याच्याभोवतीची गर्दी १२ मीटर लांबीत, १०८ चौरस मीटरवर, त्यातून रथाच्या ट्रॉलीचे १५ वजा करून ९३. आणि पुढच्या मंडळापर्यंतची मोकळी जागा ९० चौरस मीटर. ट्रॉली, जनरेटरची गाडी, स्पीकरची भिंत यांची जागा वजा करायला नवखे हमखास विसरतात.

तुकडा केवढा असावा? एक मीटरच्या चौकोनात तीन-चार डोकी येतात आणि त्यातली निम्मी कडेवर असतात. आत धरायची की बाहेर, या घोळातच उत्तर बदलतं. पाच मीटरच्या चौकोनात शंभर डोकी मोजता मोजता डोळे थकतात आणि दोन प्रकारची गर्दी एकत्र येते. रस्त्यावर तीन बाय तीन मीटर आणि अरुंद फुटपाथवर दोन बाय दोन मीटर हे सोयीचं आहे. कडेवरच्या डोक्यांसाठी नियम आधीच ठरवा: डाव्या आणि जवळच्या कडेवरची आत धरायची, उजव्या आणि दूरच्या कडेवरची सोडायची.

तुकडे डोळ्यांनी निवडू नका. माणसाची नजर दाट जागेवरच जाते, आणि निवड तिथेच चुकते. विभागातल्या मोजता येण्याजोग्या सगळ्या चौकोनांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाका. प्रत्येक विभागात चार ते सहा तुकडे पुरतात. छत्री, ध्वज किंवा गुलालाच्या ढगाने झाकलेला तुकडा निघाला तर दुसरी चिठ्ठी काढा. तो शून्य धरू नका, आणि त्याचं क्षेत्रफळही विभागातून वजा करू नका. तिथेही माणसं आहेतच.

मोजताना फोटो मोठा करा आणि प्रत्येक डोक्यावर ठिपका द्या. ImageJ या चित्रांवरून मोजमाप करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं Multi-point साधन ठिपके आपोआप मोजतं, कागदावर लाल पेन चालतो. नुसतं नजरेने मोजाल तर दोनदा मोजल्यावर दोन उत्तरं येतील. दोघांनी एकमेकांना न दाखवता ठिपके द्यावेत, आणि दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर तो तुकडा एकत्र बसून पुन्हा पाहावा. फरक बहुतेकदा कडेवर घेतलेल्या मुलांचा आणि फेट्याखाली झाकलेल्या चेहऱ्यांचा असतो.

डोकी जमिनीवर नसतात

इथे अनुभवी माणसंही फसतात. चौकोन तुम्ही जमिनीच्या मापाने आखले, पण मोजताय डोकी, आणि ती जमिनीपासून दीड मीटर वर, म्हणजे कॅमेऱ्याला जवळ आहेत. फोटोत जमिनीचा ९ चौरस मीटरचा चौकोन जेवढी जागा व्यापतो, तेवढ्या जागेत डोक्यांच्या पातळीवरचा त्याहून लहान भाग मावतो. त्यामुळे मोजलेली डोकी खऱ्यापेक्षा कमी भरतात.

दुरुस्ती सोपी आहे. कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची भागिले डोक्यांपासूनची उंची काढा. आपल्या बाबतीत १३.५ भागिले १२, म्हणजे १.१२५. लांबी आणि रुंदी दोन्ही दिशांनी हा परिणाम होतो, म्हणून गर्दीच्या मधल्या तुकड्यांची घनता याच्या वर्गाने, १.२६६ ने गुणायची. फुटपाथचं वेगळं आहे. तिथे तुकडा दुकानाच्या भिंतीपासून बॅरिकेडपर्यंत पूर्ण रुंदीचा घेतलेला असतो आणि माणूस त्या पट्टीतला आहे की नाही हे बॅरिकेडवरून ओळखता येतं. रुंदीत चूक होत नाही, म्हणून फक्त लांबीची, १.१२५ चीच दुरुस्ती करा.

कॅमेरा जितका खाली, तितकी ही दुरुस्ती मोठी. ६० मीटरवरच्या ड्रोनला ती पाच-सहा टक्के असते, दुसऱ्या मजल्यावरून, म्हणजे साडेसात मीटरवरून, दीडपटीहून जास्त. एवढी मोठी दुरुस्ती करायची वेळ आली तर फोटोच बदललेला बरा.

हिशेब

फुटपाथवरच्या सहा तुकड्यांत १३, १५, १२, १६, ११ आणि १४ डोकी मिळाली असं धरू. २४ चौरस मीटरमध्ये ८१, म्हणजे चौरस मीटरला ३.३८. दुरुस्तीनंतर ३.८. १६० ने गुणून ६०८. हे सगळे तुकडे पहिल्या २४ मीटरमधले आहेत, पुढच्या १६ मीटरला हीच घनता लावली आहे. शिवाय ते बहुतेक समोरच्या फुटपाथवरचे आहेत, कारण गॅलरीच्या खालचा फुटपाथ छज्ज्याआड जातो. खालच्या बाजूला दुकानं उघडी असतील आणि पायऱ्यांवर माणसं बसली असतील तर तिथे घनता वेगळी असेल. शक्य असल्यास समोरच्या इमारतीतून त्याच मिनिटाला दुसरा फोटो घ्या.

पथकाच्या पाच तुकड्यांत ७, ६, ८, ५, ७. एकूण ४५ चौरस मीटरमध्ये ३३, दुरुस्तीसह चौरस मीटरला ०.९३, विभागात १५०. हा आकडा कमी वाटेल, पण कमरेला ढोल बांधलेल्या वादकाला टिपरू फिरवायला जागा लागते. पथकातल्या वादकांची खरी संख्या पथकप्रमुखाला विचारता येते, आणि तुमची पद्धत बरोबर चालली आहे का हे तपासायची त्याहून चांगली जागा फोटोत नाही.

रथाभोवतीच्या चार तुकड्यांत २५, २९, १९, २७. एकूण ३६ चौरस मीटरमध्ये १००, दुरुस्तीसह ३.५२, विभागात ३२७. मोकळ्या जागेत तुकडे घेऊ नका, तिथली माणसं सरळ मोजा: ३४. रथावरचे कार्यकर्ते ८. सगळी बेरीज ११२७.

डोक्यांच्या उंचीची दुरुस्ती केली नसती तर उत्तर ९५९ आलं असतं. आणि रथाजवळचा सर्वांत दाट तुकडा पाहून तीच घनता ५२० चौरस मीटरच्या सगळ्या टप्प्याला लावली असती, तर दुरुस्ती न करताही १६७६. बातम्यांत फुगणारे आकडे साधारण याच वाटेने फुगतात.

११२७ हा नेमका आकडा कुणाला सांगू नका. प्रत्येक विभागातल्या तुकड्यांचं प्रमाण विचलन काढा, तुकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा आणि दुप्पट करा. ती त्या विभागाच्या सरासरीतली संभाव्य चूक. ती विभागाच्या माणसांत बदलून सगळ्या विभागांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं की इथे सुमारे ९० माणसं येतात. क्षेत्रफळात पाच टक्क्यांची शंका धरली तर आणखी ५५ च्या आसपास, त्याच रीतीने मिळवायची. सांगायचा अंदाज: १००० ते १२५०.

उत्तर खरं वाटतं का

चौरस मीटरला चार माणसं म्हणजे खांद्याला खांदा. पाचच्या पुढे नीट चालता येत नाही, सातच्या आसपास गर्दी लाटेसारखी ढकलली जाते आणि जीव जाऊ शकतो. तुमच्या हिशेबात पुढे सरकणाऱ्या मिरवणुकीची घनता सात-आठ आली तर डोकी बरोबर असतील, पण क्षेत्रफळ चुकलेलं आहे. बहुधा खुणांच्या जोड्या लावताना एक खांब सुटलेला असतो.

एवढं करूनही वाद राहतातच. १९९५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या मिलियन मॅन मार्चला तिथल्या पार्क पोलिसांनी ४ लाखांचा अंदाज दिला. बोस्टन विद्यापीठाच्या फारूक अल-बाझ यांच्या चमूने हवाई फोटोंवर जाळी आखून मोजल्यावर सुमारे ८ लाख ३७ हजार काढले, २० टक्के कमी-जास्त धरून. गर्दी तीच, आकडा मात्र दुपटीहून जास्त.

एका फोटोतून संपूर्ण मिरवणूक मोजता येत नाही

११२७ ही माणसं त्या एका क्षणी त्या ४० मीटरमध्ये होती. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून अलका टॉकीज चौकापर्यंतच्या सगळ्या मार्गाला हीच सरासरी लावायची असेल तर बेलबाग चौक, मधले दोन-तीन टप्पे आणि अलका चौक यांचे जवळजवळ एकाच वेळचे फोटो हवेत. चौकात गर्दी रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे चौक हा वेगळा विभाग धरा.

दिवसभरात किती माणसं येऊन गेली हा प्रश्न तर पूर्ण वेगळा आहे. तासातासाच्या फोटोंची बेरीज केली तर चार तास एकाच ओट्यावर बसलेलं कुटुंब चार वेळा मोजलं जातं. त्यासाठी ठरावीक रेषेवरून जाणारी माणसं मोजावी लागतात आणि एक माणूस सरासरी किती वेळ थांबतो हे लोकांना विचारावं लागतं. पंढरीच्या वारीसारख्या, दिंड्यांच्या रांगांनी पुढे जाणाऱ्या सोहळ्यात तर तुकड्यांपेक्षा रेषेवरची मोजणीच सोपी पडते: मिनिटाला किती रांगा गेल्या आणि रांगेत किती वारकरी.

म्हणून अंदाज लिहिताना चार गोष्टी सोबत लिहा: तारीख आणि वेळ, टप्प्याची लांबी-रुंदी, कॅमेऱ्याची उंची, आणि विभागवार तुकड्यांची कच्ची मोजणी. दुसऱ्या कुणाला शंका आली तर त्याने तुमचेच ठिपके पुन्हा मोजून बघावेत.